बेसिनचा वास आणि पाइपात थिजलेलं तूप

दिवाळी उलटली की आमच्या कामाचा रंग बदलतो. पावसाळ्यात गळतीचे फोन, उन्हाळ्यात टाक्यांचे आणि नळांचे, आणि नोव्हेंबर लागला की स्वयंपाकघरातल्या बेसिनचे. "पाणी हळूहळू जातंय आणि घाण वास येतोय," हे वाक्य या दिवसांत मी रोज ऐकतो. पुण्यात इतकी वर्षं प्लंबिंग करून याचं कारण आता हाताला ठाऊक झालं आहे. फराळाचं तळण झालेलं असतं. करंज्या, शंकरपाळे, चिरोटे यांत डालडा नाहीतर तूप मुरलेलं असतं. कढया, झारे, परातींना लागलेलं ते सगळं गरम पाण्याबरोबर बेसिनमधून खाली जातं, आणि त्याच सुमाराला थंडी पडते. डालडा साधारण 35 ते 40 अंशांना वितळतो, तूपही त्याच्या आसपास. खोबरेल तर 24 अंशांखालीच गोठतं. भांड्यावरून पातळ होऊन गेलेलं तूप भिंतीतल्या गार पाइपाला टेकलं की तिथेच थिजतं आणि चिकटून बसतं.

पण नुसत्या तुपाने पाइप भरत नाही. मी जे पाइप उघडतो त्यात तुपाबरोबर चहाचा चोथा असतो, परातीची कणीक असते, भाताची शितं असतात आणि काथ्याचे धागे व तारेच्या घासणीचे बारीक तुकडे असतात. हे धागे आणि तुकडे पाइपाच्या कडेला अडकतात, त्यांच्यावर तूप बसतं, तुपावर कणीक बसते. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत आणखी एक गोष्ट होते. पाण्यातला चुना, जुनं झालेलं तेल आणि साबण यांचा मिळून एक पांढुरका, मेणासारखा थर तयार होतो. तो नखाने खरवडावा लागतो, नुसत्या पाण्याने हलत नाही.

बराचसा वास येतो तो या थरातून. तूप खवट होतं तो एक वास. थराच्या आत, जिथे हवा पोचत नाही तिथे अन्न कुजतं, त्याचा वास सडक्या अंड्यासारखा. आणि तिसरा वास गटाराचा, जो तुमच्या बेसिनमध्ये तयारच होत नाही, खालच्या चेंबरमधून वर येतो. हे तीन वास वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं. जाळीवर नाक नेल्यावर येतो आणि पाणी सोडलं की वाढतो, तो थराचा वास. बेसिनखालचं कपाट उघडलं की भपकन येतो आणि जाळीपाशी मात्र फारसा नसतो, तो बहुधा पाइपाच्या जोडातून येणारा गटाराचा. घर बरेच दिवस बंद होतं आणि आल्यावर घरभर वास सुटला होता, असं कोणी सांगितलं तर ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. बेसिनखाली जो बाटलीसारखा भाग दिसतो, बॉटल ट्रॅप, त्यात दोन इंच पाणी कायम राहावं म्हणूनच तो बसवलेला असतो. ते पाणीच गटाराचा वास अडवतं. आटलं असेल तर दोन तांबे पाणी ओतायचं, बाकी काही लागत नाही.

थराचा वास मात्र ओतून जात नाही, तो काढावा लागतो. हे लोकांना पटवणं मला सगळ्यात जड जातं.

गेल्या वर्षी कोथरूडमध्ये एका काकूंकडे गेलो होतो. पहिला मजला, जुनी इमारत, बाहेरचा उभा पाइप बीडाचा, आतलं काम मागाहून केलेलं पीव्हीसीचं. बेसिन निम्मं भरलेलं, पाणी जागचं हलत नव्हतं, आणि ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. अशा ठिकाणी हत्यार काढायच्या आधी मी एकच विचारतो.

"काकू, यात काही टाकलंय का?"

त्यांनी जरा थांबून सगळं सांगितलं. आधी मोबाइलवर बघून खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकलं. फसफसलं, बरं वाटलं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग शेजारच्या वहिनींनी दाणेदार पावडरचं पाकीट दिलं. पहिल्या पाकिटाने थोडं गेलं, म्हणून रात्री दुसरंही टाकलं आणि सकाळी बेसिन पूर्ण बंद.

सोडा आणि व्हिनेगरबद्दल आधी सांगतो, कारण हा उपाय घरोघरी पोचला आहे. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड वायू, आणि मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. ते तुपाला काही करत नाही. फेसाने जाळीपाशी चिकटलेलं थोडंफार सुटतं आणि थोडा वेळ वास दबतो, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पाइपाला यातून इजा नाही, पण पाइप साफही होत नाही.

दाणेदार पावडरची गोष्ट वेगळी. त्यात मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडला की तो जोरात तापतो. तुपाशी मिसळला की त्याचा साबण होतो, आणि कागदावर हे चांगलंच दिसतं. पण आधीच तुंबलेल्या पाइपात पाणी पुढे सरकत नाही, दाणे ट्रॅपच्या तळाशी बसतात, आणि पुरेसं पाणी न मिळाल्यामुळे दगडासारखे घट्ट होतात. तयार झालेला साबणही तिथेच गार होऊन थिजतो. बोअरच्या पाण्यात तर तो आणखी कडक होतो. पीव्हीसीला कॉस्टिक स्वतः फारसं खात नाही हे खरं, पण त्याची उष्णता खाते. आपले सांडपाण्याचे पीव्हीसी पाइप 60 अंशांच्या वर सतत वापरायचे नसतात, आणि 80 च्या आसपास ते मऊ पडतात. दाण्यांचा ढीग एका जागी तापला की पातळ ट्रॅप वाकतो, वॉशर कडक होतात आणि सोल्व्हंटने चिकटवलेला जोड सुटायला लागतो. ॲल्युमिनियमच्या वस्तूंना तर कॉस्टिक सरळ विरघळवतं. ॲसिडचं उलटं आहे. ते पीव्हीसीला सोडतं, पण बीडाचा पाइप, पितळी कपलिंग, चेंबरचं सिमेंट यांना कुरतडतं, आणि स्टीलच्या बेसिनवर सांडलं तर काळे डाग पडतात जे पुढे जातच नाहीत. आत कॉस्टिक असताना वरून ॲसिड ओतणं म्हणजे उकळी फुटून तोंडावर उडण्याची तयारी करणं. आणि ब्लीचिंगचं पाणी व ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जीवावर बेतू शकतो.

काकूंकडे मी रबरी हातमोजे घातले, चष्मा लावला, खिडकी उघडली. बेसिनमधलं साचलेलं पाणी प्लॅस्टिकच्या मगाने हळूहळू बादलीत काढलं. पंप मारायचा मोह होतो, पण कॉस्टिक आत असताना पंप मारला की ते पाणी उसळून अंगावर येतं. म्हणून पंप बाजूला. कपाट रिकामं केलं, खाली दुसरी बादली ठेवली आणि तिच्यात आधीच निम्म्यावर गार पाणी भरलं. कॉस्टिकवर थोडंसं पाणी टाकलं तर ते भडकतं. भरपूर गार पाण्यात तेच बुडवलं तर गप्प बसतं. बॉटल ट्रॅपचा खालचा कप हातानेच सुटतो, पान्याने आवळलेला नसावा. तो सोडला आणि अलगद बादलीत बुडवला. आत पांढरा, खडूसारखा गोळा घट्ट बसला होता. तासाभराने पाणी बदललं तेव्हा तो कडेने सुटू लागला. कपाची एक बाजू आत दबलेली दिसत होती, तापून. तो कप पुन्हा वापरण्यासारखा राहिला नव्हता.

खरी घाण मात्र ट्रॅपमध्ये नव्हतीच. ट्रॅपपासून भिंतीतल्या पाइपापर्यंत पांढरा, चुण्याचुण्यांचा लवचीक पाइप होता. हा पाइप निम्म्या पुण्याच्या बेसिनखाली सापडेल. कुठेही वाकतो, बसवायला सोपा, स्वस्त. पण त्याची प्रत्येक चुणी म्हणजे तूप साचायची एक खाच, आणि मध्येच तो झोळ पडून लोंबतो तेव्हा त्या झोळात पाणी कायम तुंबून राहतं. मी तो काढून काकूंसमोर सुरीने उभा चिरला. आत करड्या-काळ्या थराची पट्टी, तिच्यात चहाच्या पानांचे पुंजके आणि कणकेचे लिबलिबीत गोळे. वास असा की काकूंनी पदर नाकाला लावला. दोन पाकिटं पावडर या पाइपात पुरती पोचलीच नव्हती. जिथे पोचली तिथे मधून एक बोटाएवढी वाट निघाली होती, बाजूचा थर तसाच. केमिकलचं हे नेहमीच होतं. पाण्याला जिथे वाट सापडते त्याच वाटेने तेही जातं. म्हणून आठवडाभर पाणी जातं, वास कायम राहतो, आणि मग पुन्हा तुंबतं.

चुण्यांचा पाइप साफ करत बसू नये, बदलावा. त्याच्या जागी आतून गुळगुळीत असा सरळ पीव्हीसी तुकडा आणि एल्बो टाकले, आणि भिंतीकडे जाताना एका फुटाला पाव इंच उतार दिला. उतार यापेक्षा कमी असला तर तूप रेंगाळतं.

मग जाळी. बेसिनच्या तळाची ती गोल जाळी, वेस्ट कपलिंग, मधल्या स्क्रूने उघडते. तिची वरची बाजू रोज घासली जाते आणि चकचकीत असते. खालची बाजू कोणी पाहत नाही. तिथे काळा, बुळबुळीत लेप असतो, आणि बेसिनमध्ये वाकलं की जो वास येतो तो निम्मा तिथलाच. जुना टूथब्रश आणि भांड्यांचं लिक्विड, एवढ्यावर तो निघतो. तसंच बेसिनच्या वरच्या बाजूला पाणी भरून वाहू नये म्हणून जे भोक असतं, त्याच्या मागची नळी. तिच्यात बाटली धुण्याचा बारीक ब्रश घालून चार वेळा फिरवला की काळं पाणी खाली येतं. काकूंकडे हे दोन्ही कधी उघडलेलं नव्हतं, आणि बहुतेक घरांत कधीच उघडलेलं नसतं.

आता राहिला भिंतीतला आडवा पाइप. त्यात हाताने फिरवायची स्प्रिंग घातली. स्प्रिंग ढकलायची नाही, फिरवत आत न्यायची. अडली की तिथेच फिरवत राहायची, थोडी मागे घ्यायची, पुन्हा पुढे. तूप असेल तर ती लोण्यात रुतल्यासारखी मऊ अडते आणि बाहेर येताना तिच्या वेटोळ्यांत पिवळट गोळे चिकटलेले असतात. दगड, सिमेंट, बाटलीचं झाकण असं काही असेल तर टणक लागते आणि खडखडते, मग जोर लावायचा नाही, चेंबरच्या बाजूने यायचं. इथे मऊच लागत होती. दर वेळी बाहेर काढून जुन्या वर्तमानपत्रावर पुसायची आणि पुन्हा आत. ती पुसून स्वच्छ येईपर्यंत.

स्प्रिंगने ढिला झालेला थर मग धुऊन काढायचा. इथे तीन गोष्टी लागतात: ऊब, साबण आणि पाण्याचा जोर. एकट्या गरम पाण्याने तूप वितळतं खरं, पण पुढे जाऊन गार पाइपात पुन्हा थिजतं. भांड्यांचं लिक्विड बरोबर असलं की वितळलेलं तूप पाण्यात बारीक थेंबांनी तरंगत राहतं आणि चेंबरपर्यंत जातं. जुन्या खवट थरासाठी मी धुण्याचा सोडा वापरतो. खायचा नव्हे, कपड्यांचा, किराणा दुकानात सुटा मिळतो तो. तो खायच्या सोड्यापेक्षा चांगलाच कडक अल्कली आहे, तुपाला ढिलं करतो, पण कॉस्टिकसारखा तापत नाही आणि पीव्हीसी किंवा बीडाला त्रास देत नाही. दोन लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पूर्ण विरघळवायचा, हळूहळू जाळीवर ओतायचा आणि अर्धा तास बेसिन वापरायचं नाही. हातमोजे इथेही घाला, कातडी कोरडी पडते. घरात लहान मूल असेल तर पुडी नीट उंच ठेवा.

पाणी किती गरम? उकळतं पाणी पीव्हीसीवर थेट ओतू नये. मी सांगतो, उकळी आलेल्या पाण्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळा आणि वर थोडं आणखी. हे मिश्रण साठीच्या आत राहतं, आणि तूप वितळायला पन्नास-पंचावन्न अंश पुष्कळ झाले.

अर्ध्या तासाने काकूंच्या बेसिनच्या तोंडाला बूच लावलं, असंच गरम पाणी आणि चार चमचे लिक्विड घालून बेसिन काठोकाठ भरलं आणि बूच एकदम काढलं. नळाच्या बारीक धारेने पाइपाचा फक्त तळ ओला होतो. भरलेलं बेसिन एकदम सुटलं की पाइप पूर्ण भरून वाहतो आणि वरची बाजूही धुतली जाते. पहिल्या वेळी पाणी जाताना गडगड आवाज आला आणि खाली चेंबरपाशी उभ्या असलेल्या माझ्या हाताखालच्या पोराने हाक मारली, "दादा, पांढरे गोळे येतायत!" चेंबरमध्ये हे बघायला माणूस ठेवावाच. गोळे येऊन पाणी स्वच्छ व्हायला लागलं की समजायचं काम झालं, आणि गोळे चेंबरमधून उचलून कचऱ्यात टाकायचे, पुढे ढकलायचे नाहीत.

पाणी झकास जाऊ लागलं, जाळीचा वास गेला. तरी कपाटाचं दार उघडल्यावर मला किंचित वास आला. जुना चुण्यांचा पाइप भिंतीतल्या जाड पाइपात नुसता खोचलेला होता, आणि नवा तुकडा बसवल्यावरही कडेने बोटभर फट राहिली होती. हेही घरोघरी असतं. आपण बेसिन कितीही घासलं तरी ही फट ट्रॅपच्या पलीकडे असल्यामुळे उभ्या पाइपाचा वास तिथून सरळ घरात येतो. खात्री करायची सोपी रीत म्हणजे त्या रात्री फटीभोवती ओलं फडकं गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. सकाळी कपाटाला वास नसेल, तर दोष फटीचाच. काकूंनी तसं केलं, सकाळी फोन आला की वास नाही. मग दुसऱ्या दिवशी जाऊन तिथे रबरी कॉलर बसवली आणि जोड नीट बंद केला.

प्रत्येक वेळी एवढं करावं लागत नाही. पाणी जातंय पण मंद, आणि केमिकल टाकलेलं नाही, अशा वेळी आधी जाळी व कप साफ करून पाहावं. नंतर पंप. पंप मारताना ओव्हरफ्लोच्या भोकावर ओलं फडकं दाबून धरलं नाही तर सगळी हवा तिथून निघते आणि पंप वाया जातो. दोन खणांचं बेसिन असेल तर दुसऱ्या खणाचं तोंडही बंद करावं. रबराचा वाडगा पाण्यात बुडेल एवढं पाणी हवं, आणि जोर खाली दाबताना कमी, वर ओढताना जास्त. जंतूंचे, एन्झाइमचे द्रव मिळतात ते पाइपाला निरुपद्रवी आहेत. पण ते हळू चालतात, तुंबलेलं उघडत नाहीत.

काही ठिकाणी यातलं काहीच चालत नाही. बेसिनचं पाणी सोडलं की मोरीच्या जाळीतून गुडगुड ऐकू येते किंवा शेजारच्या घरातही त्याच दिवशी पाणी साचतं, तेव्हा तुंबलेला असतो उभा पाइप किंवा चेंबर. तुमच्या बेसिनखाली कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, सोसायटीला सांगून खालून साफ करून घ्यावं लागतं. आणि बीडाचा पाइप आतून गंजून खडबडीत झाला असेल तर तूप पुन्हा पुन्हा धरतोच. तो बदलण्याला पर्याय नाही. हे मी लोकांना स्पष्ट सांगतो, उगाच दर तीन महिन्यांनी पैसे घेत राहणं मला पटत नाही.

त्यानंतर काकूंना मी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. आठवड्यातून एकदा रात्री शेवटची भांडी झाल्यावर लिक्विड घातलेलं गरम पाणी भरून बेसिन एकदम सोडणं, आणि महिन्यातून एकदा जाळी उघडून खालची बाजू ब्रशने घासणं. यंदाची दिवाळी झाली, त्यांच्याकडून फोन आला तो गीझरचा.

वरच्या मजल्यांवरून वितळून गेलेलं तूप खाली येता येता गार होतं आणि बऱ्याचदा तळमजल्याच्या आडव्या पाइपात बसतं. तिथल्या घरात कोणी तळण केलेलं नसतं, तरी पहिलं पाणी त्यांच्याच बेसिनमधून उलटं वर येतं. म्हणून तळणाची कढई, तुपाची परात आणि श्रीखंडाचं पातेलं आधी जुन्या वर्तमानपत्राने कोरडं पुसा, कागद कचऱ्यात टाका, उरलेलं तेल बाटलीत भरून ठेवा, आणि मगच भांडं बेसिनमध्ये घ्या. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांच्यासाठी कागद ओट्यावर काढून ठेवा.